पुरुष वैद्यकीय कक्ष : खाट क्र. १४ वरील रुग्ण पडल्याच्या घटनेचा अहवाल

घटना : गुरुवार, दि. १४ ऑगस्ट २०२५, पहाटे ३.४० च्या सुमारास. त्या वेळी कक्षात २८ रुग्ण, २ परिचारिका आणि १ कक्षसेवक होते.

हा अहवाल दोन्ही परिचारिकांची टिपणे, कक्षसेवकाचे सांगणे आणि निवासी डॉक्टरांची केसपेपरवरील नोंद यांवरून लिहिला आहे. रुग्णाला पडताना कोणीही पाहिलेले नाही. एका टिपणात ३.४८ आणि दुसऱ्यात ३.४० अशी वेळ आहे. पहिली वेळ भिंतीवरच्या घड्याळाची असून ते ८ मिनिटे पुढे असल्याचे सकाळी पडताळले, त्यामुळे ३.४० हीच वेळ येथे धरली आहे.

रुग्ण ६८ वर्षांचे असून हृदयविकारामुळे दम लागणे व पायांवर सूज यासाठी १२ ऑगस्टला दाखल झाले. रात्री ९ वाजता त्यांना फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन दिले होते. ॲस्पिरिनही चालू होती. दाखल करताना मॉर्स मापनानुसार पडण्याच्या जोखमीचे गुण ३५, म्हणजे मध्यम, होते.

घटनेच्या वेळी एक परिचारिका खाट क्र. ३ वर रक्ताची पिशवी लावत होती, दुसरी औषधे आणण्यास गेली होती, तर रुग्णाचा मुलगा बाहेर व्हरांड्यात झोपला होता. आवाज ऐकून कक्षसेवक धावला, तेव्हा रुग्ण खाटेच्या उजव्या बाजूला डाव्या कुशीवर पडलेले, शुद्धीवर आणि बोलत होते. “लघवीला उठलो, डोळ्यापुढे अंधारी आली, बेल हाताला लागली नाही,” असे त्यांनी सांगितले. बेलची दोरी लॉकरच्या मागे गेलेली आढळली. उजवा कठडा खाली होता. तो केव्हा आणि कोणी उतरवला याची नोंद कोठेही नाही. एका टिपणात “फरशी ओली?” असे प्रश्नचिन्हासह लिहिले आहे, परंतु कक्षसेवकाच्या सांगण्यानुसार फरशी कोरडी होती, ही विसंगती मिटवता आलेली नाही, म्हणून दोन्ही म्हणणी तशीच ठेवली आहेत.

निवासी डॉक्टरांनी मान व खुबा तपासल्यानंतरच चौघांनी चादरीवरून रुग्णाला खाटेवर घेतले. डाव्या भुवईवरील २ सें.मी. जखमेस ३ टाके घातले. रक्तदाब निजून ११०/७०, उभे केल्यावर ८६/५८, तर रक्तशर्करा ११२ होती. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही आणि खुब्याच्या एक्स-रेत अस्थिभंग नाही. शुद्धीची व बाहुल्यांची तपासणी दर अर्ध्या तासाने सुरू केली. मुलाला लगेच उठवून घडले ते सांगितले, आणि ४.२० वाजता रुग्णाच्या पत्नीस दूरध्वनीने कळवले.

फेरमापनात जोखमीचे गुण ७० आले. बेलची दोरी कठड्याला बांधली असून लघवीचे भांडे हाताशी ठेवले आहे. इंजेक्शनची वेळ सायंकाळी ५ करण्याबाबत फिजिशियन आजच्या फेरीत ठरवतील. उर्वरित खाटांच्या बेलच्या दोऱ्या दुपारपाळी सुरू होण्यापूर्वी तपासल्या जातील.

— प्रभारी परिचारिका, पुरुष वैद्यकीय कक्ष, दि. १४ ऑगस्ट २०२५, सकाळी ९.३०