वॉशिंग मशीनचा फोटो नाही, म्हणून कोड आणि दिवे लिहून पाठवतेय

नमस्कार दादा, विजापूर रोडवरून बोलतेय. काल फ्रंट लोड मशीनची तक्रार नोंदवली होती. तुम्ही डिस्प्लेचा फोटो मागितलात, पण तो मुलाच्या फोनमध्ये होता आणि तो फोन रात्रीपासून सुरूच होत नाहीये. म्हणून दिसलं तसं लिहिते.

डिस्प्लेवर दोनच अक्षरं होती: 5E. पहिलं 5 आहे की इंग्रजी एस, ते सांगता येत नाही, कारण त्या रेघांच्या आकड्यांत दोन्ही सारखेच दिसतात. पण 2 नक्की नव्हता: वरची उभी रेघ डावीकडे होती, खालची उजवीकडे. डावीकडची खालची रेघ विझलेली होती, म्हणजे 6 पण नाही. दुसऱ्या अक्षराची तळातली आडवी रेघ पेटलेली होती, त्यामुळे ते एफ नाही. सासूबाई "पाच आणि उलटा तीन" म्हणतात, ते माझ्यापेक्षा बरं सांगितलंय. मध्ये टिंब नव्हतं.

दिवे असे: दाराच्या कुलपाचा दिवा न लुकलुकता सतत चालू. रिन्स आणि स्पिन, दोन्ही एकदम लुकलुकत होते, आळीपाळीने नाही. स्टार्ट बटणाचा दिवा दोनदा पटपट, मग साधारण दोन सेकंद बंद, परत दोनदा. वॉशचा दिवा विझलेला. सोबत बीप वाजत होती, ती थोड्या वेळाने थांबली, दिवे मात्र चालूच राहिले.

हे मशीन सुरू केल्या केल्या होत नाही. पाणी भरतं, ड्रम नीट फिरतो, धुणं होतं. पाणी बाहेर टाकायची वेळ आली की खालून घूं असा आवाज येतो, बाथरूममधल्या पाइपातून थेंबही येत नाही, आणि मग कोड. पाइप दुमडलेला नाही, पाहिलं. बंद करून परत लावलं तरी त्याच ठिकाणी अडकलं, म्हणून पंप जळू नये असं वाटून प्लग काढून ठेवलाय.

आत दोन नव्या सोलापुरी चादरी आणि टॉवेल आहेत. पहिल्या धुण्याला त्यांचा केवढा दोरा आणि कापूस सुटतो ते तुम्हाला माहीतच आहे. मला तर फिल्टरमध्ये तेच अडकलं असेल असं वाटतं, तरी ड्रेन पंप सोबत आणलात तर बरं. पाणी काचेच्या निम्म्यापर्यंत आहे आणि दार उघडत नाही. खालचं छोटं झाकण काढून नळीने पाणी सोडून ठेवू का, की तुम्ही बघेपर्यंत तसंच राहू दे? तेवढं आधी कळवा, चादरींचा रंग उतरायची भीती आहे.

मशीन सात किलोचं आहे, वॉरंटी संपलीय. मॉडेल नंबरचं स्टिकर दाराच्या आत आहे, म्हणून आत्ता वाचता येत नाही. चार वाजल्यानंतर कधीही या, दुसरा मजला, लिफ्ट बंद आहे.