दुकानातल्या काचेच्या कपाटामागच्या पॅनलसाठी फोटो: काय दिसायला हवं

फोंड्याच्या केकच्या दुकानात चार फूट बाय तीन फुटांचं पॅनल लागणार आहे, मागून दिव्याचा उजेड. गिऱ्हाईक हातभर अंतरावर उभं असतं, त्यामुळे स्पंजची जाळी, ग्लेज आणि क्रीम या तिन्हींत लबाडी लगेच कळते.

मध्यभागी चॉकलेट केकचा एक तुकडा, कापलेली बाजू कॅमेऱ्याकडे. खरा जीव या बाजूत आहे. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकाच ओढीत कापलेला स्पंज हवा. जाळी बारीक, पण सगळी छिद्रं एकसारखी नकोत. मध्येच एखादं मोठं, कडेला दाट. रंग गडद तपकिरी, कोरडा नाही, बोट लावलं तर किंचित चिकटेल असा ओलसर. उजेड डाव्या मागच्या बाजूने, खालून सरपटत यावा, म्हणजे प्रत्येक छिद्राला स्वतःची सावली मिळते. समोरून फ्लॅश मारला तर स्पंज पुठ्ठ्यासारखा दिसतो. बशीवर चुरा दोन-चार कणच, सुरी ओढली त्या दिशेने पडलेला.

वरच्या गनाशवर तकाकीचा एकच लांब, मऊ पट्टा, कडेवरून वळून खाली विरत गेलेला. खिडकीवर पांढरं कापड लावलंत की तो आपोआप मिळेल. ठिपक्यांची चमचम नको, ती प्लास्टिकची वाटते. एक ओघळ बाजूवरून अर्ध्यावर थांबलेला, टोकाला जाड. आपल्या हवेत फ्रिजमधून काढलेल्या ग्लेजला लगेच घाम येतो आणि तकाकी जाते. म्हणून एसी खोलीतच, केक तिथल्या तापमानाला आल्यावर फोटो काढा. वरून तेल किंवा पाणी फवारू नका.

क्रीम ताजं फेटलेलं. नोझलचे कंगोरे स्पष्ट, टोक जरासं वाकलेलं, कडा रवाळ नाहीत. पांढऱ्यात अगदी हलका पिवळेपणा राहू द्या. निळसर झाक आली की ते शेव्हिंग फोम वाटतं, आणि फोम आपण वापरणार नाहीच. जे विकतो तेच फोटोत, हे मला मनापासून हवं आहे. शेजारी अननसाची पेस्ट्री, क्रीमच्या थरातून एक फोड अर्धी बाहेर, रसाने चकाकणारी.

मागे बेबिंकाचा तुकडा आणि बाथ. ती दोन्ही किंचित धूसर चालतील, पण बेबिंकाचे भाजलेले आणि फिके थर वेगवेगळे मोजता आले पाहिजेत. नाताळात लोक त्यांच्यासाठीच येतात. बाथची वरची कड सोनेरी, रवा-खोबऱ्याची खरखर दिसेल इतकी.

लाकडी फळी, साधी पांढरी बशी. पुदिना, फुलं, काटे-चमचे काही नको. उजवा तिसरा भाग मोकळा ठेवा, तिथे भावाची पट्टी लागणार आहे.