उगवती कुठं, मावळती कुठं?

गुहागरच्या समुद्रकाठी दिवसाच्या वेळा आणि दिशा

पहाट
अजून अंधारच आहे, पण कोंबडा आरवला. आजी उठली. ही पहाट. प्राजक्ताखाली हात फिरव, ओली फुलं हाताला लागतील.

मग डोंगराच्या वर आभाळ जरा पांढुरकं होतं. समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळतं, पण कोण ते ओळखता येत नाही. आजी हाक मारते, "झुंजुमुंजु झालं, ऊठ बाळा!" थोड्या वेळानं आभाळाची कड लाल होते. आता तांबडं फुटलं. सूर्य मात्र अजून डोंगराआडच आहे.

*चित्रात शोध : कोंबडा, प्राजक्ताची परडी, कंदील.*

सकाळ
सूर्य डोंगरावर आला. ऊन कोवळं आहे, अंगावर घ्यावंसं वाटतं. न्याहारीला मऊभात आणि मेतकूट. अंगणात ऊन आलं तरी किनाऱ्यावरच्या वाळूत अजून सुरूच्या झाडांच्या लांब सावल्या पडल्या आहेत. बघ, त्या सगळ्या समुद्राकडेच पडल्यात.

दुपार
सूर्य डोक्यावर, सावली पायाशी. ही भरदुपार. वाळू चटके देते, चपला घाल. जेवण झालं की आजोबा वामकुक्षी घेतात, म्हणजे डाव्या कुशीवर थोडा वेळ पडतात. चित्रातले आजोबा डाव्याच कुशीवर आहेत ना?

तिसरा प्रहर
दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार. एक प्रहर साधारण तीन तासांचा. सूर्य उगवल्यापासून मोजलं, तर तिसरा प्रहर बारा ते तीनच्या सुमारास येतो. तो संपता संपता आजोबांना चहा लागतो. उन्हं कलली की परसातली गुलबक्षी उमलू लागते.

संध्याकाळ
संध्याकाळी वेळेची नावं भराभर बदलतात. एकेक नीट बघू.

उन्हं उतरली : ऊन माडांच्या शेंड्यावर आहे, खाली नाही.
गोरज : गुरं घरी निघाली, खुरांनी धूळ उडाली.
सूर्य मावळला : लाल गोळा पाण्याला टेकला, अर्धा झाला, नाहीसा झाला. गोळा अजून झगझगीत असेल तर त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही.
तिन्हीसांजा : दिवस गेला, रात्र आली नाही. आजी सांगते, "तिन्हीसांजेला झोपू नये."
दिवेलागण : देवापुढे निरांजन, तुळशीपाशी पणती, घरात "शुभं करोति".
कातरवेळ : हीच वेळ, पण घरातलं माणूस दूर असेल तेव्हा हुरहुर लावणारी. आई चिपळूणहून यायची आहे. एसटी अजून आली नाही. तू ओटीवर बसून वाट बघतोस ना, ती कातरवेळ.

रात्र
जेवणं झाली, रातकिडे किरकिरू लागले. बारा वाजता मध्यरात्र. त्यानंतर पहाटेपर्यंत उत्तररात्र. तेव्हा गुहागरात जागे असतात ते मासेमारीला जाणारे, वटवाघळं आणि समुद्र.

आता दिशा
तांबडं फुटतं तिकडे तोंड करून उभं राहा. दोन्ही हात पसर.

समोर पूर्व, म्हणजे उगवती. तिकडे चिपळूण, त्यापलीकडे सह्याद्री.
पाठीमागे पश्चिम, म्हणजे मावळती. तिकडे समुद्र.
डाव्या हाताला उत्तर. तिकडे खाडीपलीकडे दाभोळ.
उजव्या हाताला दक्षिण. तिकडे खाडीपलीकडे जयगड.

आता वळून समुद्राकडे तोंड कर. डावा हात कुठं गेला? जयगडकडे! म्हणून "डावीकडे उत्तर" एवढंच पाठ केलंस तर चुकशील. दाभोळ आपल्या जागीच आहे. वळलो आपण.

काठीनं दिशा शोधू
हे करायला हातभर लांबीची सरळ काठी, दोन शिंपले आणि दगड बांधलेली दोरी लागते.

१. अंगणात सपाट जागी काठी रोव. दोरी शेजारी धरून बघ. काठी दोरीसारखी सरळ उभी हवी, कलली तर दिशा चुकेल.
२. दुपारी बारा वाजता सावलीच्या टोकावर पहिला शिंपला ठेव.
३. एक वाजता टोक सरकलेलं असेल. तिथं दुसरा शिंपला ठेव.
४. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढ. पहिला शिंपला पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा.

पाचच मिनिटांत दुसरा शिंपला ठेवलास तर रेघ इवलीशी येते आणि भलतीकडे वळते. सकाळी किंवा संध्याकाळी केलंस तरी ती तिरकी येते.

कोपऱ्यांच्या दिशा
चौकोनी कागद घे. चार कडांवर चार दिशा लिही. आता कोपरे भर :

पूर्व आणि दक्षिण यांच्यामध्ये आग्नेय. पुष्कळ घरांत चूल याच कोपऱ्यात असते.
दक्षिण आणि पश्चिम यांच्यामध्ये नैऋत्य. पावसाळी वारा इकडून येतो.
पश्चिम आणि उत्तर यांच्यामध्ये वायव्य.
उत्तर आणि पूर्व यांच्यामध्ये ईशान्य. पुष्कळांचं देवघर इथं असतं.

या झाल्या आठ. वर आणि खाली धरून दहा दिशा.

वारा कुठला?
वाऱ्याला नाव मिळतं तो जिकडून येतो त्या दिशेचं. नैऋत्य वारा नैऋत्येकडून येतो आणि ईशान्येकडे जातो. फडकं दोरीला बांधून बघ. फडकं डोंगराकडे उडतंय? मग वारा समुद्रावरून आला, तो खारा वारा. दिवसा तो वाहतो. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा.

रात्री उत्तर कशी ओळखायची?
उत्तरेला तोंड कर. हात लांब करून मूठ धर. समुद्राच्या किंवा जमिनीच्या कडेपासून एकावर एक पावणेदोन मुठी मोज. तिथं ध्रुवतारा. तो फार तेजस्वी नाही, म्हणून मुलं दुसऱ्याच चमकत्या ताऱ्याला ध्रुव म्हणतात. एप्रिल-मेमध्ये रात्री सप्तर्षी दिसतात. त्यांच्या चौकोनातल्या पुढच्या दोन ताऱ्यांमधून रेघ पुढे नेली की ध्रुव सापडतो.

वाचून दाखवणाऱ्यांसाठी
सूर्य ठीक पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास. डिसेंबरात तो आग्नेयेकडे सरकलेला असतो, जूनमध्ये ईशान्येकडे. त्यामुळे "तांबडं फुटतं तिकडे" हा पहिला धडा मार्चमध्ये किंवा सप्टेंबरअखेर द्यावा. इतर महिन्यांत दिला तर मुलाची पूर्व काठीच्या पूर्वेशी जुळणार नाही.

काठीचा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तम होतो. सावली लांब असते, आभाळ निरभ्र असतं. गुहागरात सूर्य घड्याळाच्या बाराला माथ्यावर नसतो, साडेबाराच्या पुढे-मागे येतो. भारताचं घड्याळ बऱ्याच पूर्वेकडच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे, म्हणून बारा आणि एक या वेळा दिल्या आहेत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी काठीला सावलीच उरत नाही. तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, एरवी उत्तरेला.

देशावरच्या मुलांना वाचून दाखवताना समुद्र वगळावा आणि चारी दिशांना गावाजवळचीच ठिकाणं घालावीत : नदी, टेकडी, शाळा, एसटी स्टँड. मात्र ती आधी होकायंत्रावर तपासून घ्यावीत. मोबाईलमधल्या होकायंत्राजवळ लोखंडी खाट किंवा दुचाकी असेल तर ते चुकीची दिशा दाखवतं.