कळकलेली कढी

कृषीनगरच्या ट्रॅकवर आमच्या रोज चार फेऱ्या होतात, पण त्या दिवशी वसंता दुसऱ्याच फेरीला बाकावर बसला. म्हटलं काय रे, गुडघा का? तर म्हणे नाही रे, काल पातेलंभर कढी ओतून दिली, तेच डोक्यात आहे.

झालं असं की सूनबाईने हौसेने ऑनलाईन पितळी पातेलं मागवलं, त्याला आतून कल्हई नव्हती, हिने त्यातच कढी केली आणि ती कळकली. पोरीला रडूच फुटलं. तिला बिचारीला कोण सांगणार? पितळेची भांडी घरोघरी परत यायला लागलीत, पण कल्हईवाला दारावर येतो कुठे आता.

मग तो जे बोलला ते मला इतक्या वर्षांच्या दोस्तीत माहीत नव्हतं.

"माझे वडील कल्हई करायचे. सायकलला भाता बांधून भांडीबाजारातून निघायचे ते पार नाशिकरोडपर्यंत, भाता मारायला मी. वर्गातली पोरं दिसली की मी तोंड फिरवायचो रे."

बँकेत लागला आणि त्याने हा विषयच बंद करून टाकला.

मी विचारलं, येते का अजून तुला? तर तो बसल्या जागी हवेतच दाखवायला लागला, भांडं आधी चिंचेने लख्ख करायचं, मग तापवायचं, नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो, लगेच कथिल टेकवायचं आणि कापसाने भराभर फिरवायचं, हात थांबला की डाग पडला. आवाजच बदलला होता त्याचा. आणि मी ३१ वर्षं सातपूरला मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस, माझ्या डोक्यात आपोआप चक्र सुरू, कथिल तर २३२ डिग्रीलाच वितळतं, मग कोळसा कशाला, गॅसचा बर्नर लावू, माझ्या जुन्या व्हॅनमध्ये सगळं बसेल, दर रविवारी एक सोसायटी.

वसंता म्हणाला, "चालेल. पण कथिल शुद्ध. शिसं मिसळलेलं स्वस्त पडतं, ते लोकांच्या पोटात जातं, त्याला मी हात लावणार नाही." हे त्याने तीनदा सांगितलं आणि मला फार बरं वाटलं.

उरलेल्या दोन फेऱ्या राहूनच गेल्या. तसेच त्याच्या घरी गेलो, स्टूल लावून माळ्यावर चढलो, भाता अजून होता पण चामडं उंदरांनी खाल्लेलं. वसंता कितीतरी वेळ त्याच्या लाकडी मुठीवरून हात फिरवत राहिला. मी काही बोललो नाही.

खाली सूनबाई चहा घेऊन उभी. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, बाबा, आधी माझं पातेलं करा, आणि तिथंच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत कल्हईसाठी ११ भांडी जमली.