स्लाइडवरची तीन समीकरणं: कालच्या तासाची उजळणी

मुलांनो, काल गतीच्या तीन समीकरणांची स्लाइड मोजक्या ओळींत संपली आणि तुम्ही ती वहीत जशीच्या तशी उतरवलीत. पण मी मागच्या बाकांवर विचारलं, "हा `a` इंटिग्रेशनच्या बाहेर का आला?" तेव्हा वर्ग गप्प झाला. म्हणून हे सगळं पुन्हा, सावकाश लिहून देतो आहे.

आपली एसटी घ्या. साताऱ्यात पोवई नाक्याचं वळण संपलं, गाडी सरळ रस्त्याला लागली. त्या क्षणी आपण घड्याळ सुरू केलं, म्हणजे `t = 0`. तेव्हा वेग सेकंदाला 5 मीटर, हा `u`. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर असा धरला की वेग दर सेकंदाला 0.5 मीटर प्रति सेकंद इतका वाढतो, हे त्वरण `a`. ते बदलत नाही. या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

स्लाइडची सुरुवात अशी:

```
a = dv/dt
dv = a dt
∫[u→v] dv = a ∫[0→t] dt
v - u = at
```

पहिली ओळ ही त्वरणाची व्याख्या आहे: त्या क्षणी वेग किती झपाट्याने बदलतो आहे. दुसरी ओळ म्हणते, अगदी इवल्याशा `dt` काळात वेगात `a dt` एवढी इवलीशी भर पडली. तिसरीत या सगळ्या भरींची बेरीज केली. इंटिग्रेशनचं ते लांबुडकं चिन्ह म्हणजे बेरीजच. प्रत्येक भरीत `a` तोच असल्यामुळे तो कॉमन काढता येतो, म्हणून तो बाहेर आला.

आता लिमिट्स. त्या जोडीने वाचायच्या. खालच्या दोन्ही एकाच क्षणाच्या: घड्याळात 0, वेग `u`. वरच्या दोन्हीही एकाच क्षणाच्या: घड्याळात `t`, वेग `v`. डावीकडे वेगाची बेरीज आहे म्हणून तिथे वेगाच्या लिमिट्स, उजवीकडे काळाच्या. एवढं कळलं की `v = u + at` आपसूक येतं. दहा सेकंदांनी एसटीचा वेग 5 + 0.5 × 10, म्हणजे सेकंदाला 10 मीटर.

दुसऱ्या समीकरणात मात्र दरवर्षी निम्मा वर्ग घसरतो. कापलेलं अंतर `s` धरलं तर `v = ds/dt`, म्हणून `ds = v dt`. इथपर्यंत ठीक. मग वहीत सरळ `s = vt` लिहिलेलं दिसतं. असं का चालत नाही? कारण `v` स्थिर नाही, तो दर क्षणाला वाढतो आहे. बदलणारी गोष्ट बेरजेतून कॉमन निघत नाही. म्हणून आधी त्याच्या जागी `u + at` लिहायचं आणि मग बेरीज करायची:

```
∫[0→s] ds = ∫[0→t] (u + at) dt
s = ut + (1/2)at²
```

`t` चं इंटिग्रेशन `t²/2`, तिथून तो अर्धा आला. पण तो डोळ्यांनी बघा. वेग-काळाचा आलेख काढा: खाली 5 × 10 चा आयत, क्षेत्रफळ 50. त्याच्यावर 10 पाया आणि 5 उंचीचा त्रिकोण, क्षेत्रफळ 25. एकूण 75 मीटर. नववीत आलेखावरून समीकरण काढलं होतं, तोच हा त्रिकोण. एसटी दहा सेकंद 5 च्याच वेगाने गेली असती तर 50 मीटर, 10 च्या वेगाने गेली असती तर 100. खरं उत्तर बरोबर मध्ये पडतं, कारण वेग एकसारखा वाढत गेला. मला हे दरवेळी नव्याने सुंदर वाटतं.

तिसऱ्यात काळ नकोच आहे, म्हणून साखळी नियम वापरला:

```
a = dv/dt = (dv/ds)(ds/dt) = v (dv/ds)
∫[u→v] v dv = a ∫[0→s] ds
(v² - u²)/2 = as
```

`ds/dt` म्हणजे खुद्द `v`, युक्ती एवढीच. लिमिट्स पुन्हा जोडीने: वेग `u` तेव्हा अंतर 0, वेग `v` तेव्हा अंतर `s`. ताळा करा: 100 − 25 = 75 आणि 2 × 0.5 × 75 = 75. जुळलं.

`u = 0` ठेवून दुसरं समीकरण तपासलंत तर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सेकंदात कापलेली अंतरं 1 : 3 : 5 येतात. हे प्रमाण गॅलिलिओने न्यूटनच्या आधी, कॅल्क्युलस नसताना, उतारावरून गोळे सोडून शोधलं होतं.

आता घरी करायचं. समजा ड्रायव्हर ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत गेला आणि `a = kt` झालं, `k` स्थिर. `a = dv/dt` तसंच राहील, पण आता `a` बाहेर काढता येणार नाही. त्याच्या जागी `kt` ठेवून आधी `v`, मग `s` काढा. उत्तर `s = ut + kt³/6` यायला हवं. ज्यांना छेदात 6 ऐवजी 2 मिळेल, त्यांनी वही घेऊन उद्या तासाच्या आधी माझ्याकडे या, नेमकी कोणती बदलणारी गोष्ट बाहेर काढली ते आपण मिळून शोधू.