धरणांमुळे गरिबी घटते का? फिक्स्ड इफेक्ट्स आणि इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबलची गरज

धरण कुठे बांधायचे हे कोणी चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही. नदी, खडक, राज्याची तिजोरी, स्थानिक पुढाऱ्यांचे वजन असे बरेच काही त्यामागे असते, आणि यातल्या अनेक गोष्टी गरिबीवर स्वतंत्रपणेही परिणाम करतात. म्हणून धरणे असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची सरळ तुलना केली, तर दिसणारा फरक धरणाचा की या इतर घटकांचा, हे सांगता येत नाही. हेच कन्फाउंडिंग. अर्थशास्त्रज्ञ एस्थर ड्युफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी भारतातील मोठ्या धरणांवरील 2007 च्या अभ्यासात या अडचणीवर फिक्स्ड इफेक्ट्स आणि इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल या दोन्ही पद्धती वापरल्या. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात असल्याने मी हेच उदाहरण घेतले आहे.

फिक्स्ड इफेक्ट्समध्ये प्रत्येक जिल्ह्याची तुलना त्याच जिल्ह्याच्या वेगळ्या वर्षांशी होते. साताऱ्याची माती आणि डोंगर दरवर्षी तेच, त्यामुळे त्यांचा परिणाम आपोआप वजा होतो. त्यांची मोजदाद नसली तरी चालते, हे या पद्धतीचे मोठे बळ. पण काळाबरोबर बदलणाऱ्या गोष्टी तिच्या हाती लागत नाहीत. एखादा जिल्हा भरभराटीला येत असेल आणि त्याच काळात तिथे धरणेही मंजूर होत असतील, तर भरभराटीचे श्रेय चुकून धरणाला जाईल.

इथे इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल लागते: धरणांची संख्या हलवणारी, पण गरिबीवर फक्त धरणांच्याच वाटेने परिणाम करणारी गोष्ट. अभ्यासकांनी नदीच्या पात्राचा उतार घेतला. मध्यम उतार सिंचनाच्या धरणाला सोयीचा असतो. मात्र उतार वर्षानुवर्षे तोच राहतो, म्हणजे फिक्स्ड इफेक्ट्स लावताच तोही पुसला जाणार. म्हणून त्यांनी उताराला राज्यातील धरणबांधणीच्या, काळानुसार बदलणाऱ्या अपेक्षित वेगाशी गुणले. बांधणीचा वेग वाढला की सोयीच्या उताराच्या जिल्ह्यांत धरणे जास्त वाढतात. तेवढाच बदल हिशेबात घेतला जातो. मला या अभ्यासातली ही सर्वांत सुंदर पायरी वाटते.

उतार धरणांची संख्या खरोखर हलवतो का, हे आकडेवारीत तपासता येते. तो अन्य वाटेने गरिबीवर परिणाम करत नाही, हे मात्र आकड्यांनी पूर्ण सिद्ध होत नाही. त्यासाठी युक्तिवादच करावा लागतो. डोंगराळ जिल्ह्यात रस्ते महाग पडतात, शेती वेगळी असते, ही शंका रास्त आहे. तिची धार कमी करण्यासाठी जिल्ह्याची उंची, क्षेत्रफळ असे घटकही त्याच अपेक्षित वेगाशी गुणून मॉडेलमध्ये घ्यावे लागतात.

निष्कर्ष असा निघाला की धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत शेती उत्पादन वाढले आणि गरिबी घटली, तर जिथे धरण बांधले त्याच जिल्ह्यात गरिबी वाढली. हे उत्तर उताराच्या सोयीमुळे उभ्या राहिलेल्या धरणांबद्दल आहे. केवळ राजकीय दबावाने झालेल्या धरणांना ते जसेच्या तसे लावता येणार नाही.