कुपवाड गोदामातील आग : आपल्या प्रश्नांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

आगीचे कारण, त्रास झालेल्या कामगारांची नावे आणि जळालेल्या पोत्यांचा आकडा याबद्दल आपण बातमीसाठी विचारले होते, त्याचे हे उत्तर. मंगळवारी रात्री पावणेअकराच्या सुमारास कुपवाड एमआयडीसीतील आमच्या हळदीच्या गोदाम क्रमांक 2 ला आग लागली. महापालिकेच्या अग्निशमन दलाने ती पहाटे आटोक्यात आणली. धुराचा त्रास झालेल्या दोन कामगारांना उपचारानंतर घरी सोडले आहे. त्यांची नावे आम्ही देणार नाही.

शॉर्टसर्किट की आणखी काही, हे तपासाआधी सांगणे म्हणजे अंदाज बांधणे. तो आम्ही बांधणार नाही, कृपया आमच्या नावावरही छापू नये. ‘हजार पोती जळाली’ हा आकडा आमचा नाही. मोजणी सुरू आहे. शेतकऱ्यांच्या ठेवीच्या मालाची नोंद मात्र सुरक्षित आहे. मोजणीचा आकडा हाती येताच आपल्याला कळवतो.

आपला,
व्यवस्थापक (प्रशासन)